अर्जाची जाडी

आमच्या घरात अर्ज हा बाबांचा प्रांत. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढल्यामुळे रजा, बदली, भविष्य निर्वाह निधी असा कुठलाही अर्ज ते झोपेतसुद्धा लिहू शकतात. 2022 साली मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पदरात पाडून घरी बसलो, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बाबांच्या चेहऱ्यावर कामाचं तेज आलं.

खरं तर त्याआधी मी माझ्या बळावर सात ठिकाणी अर्ज पाठवले होते. मित्राचा तयार अर्ज होता, त्यात नाव बदललं की झालं. त्या अर्जात मी हार्ड वर्किंग होतो, सिन्सिअर होतो, टीम प्लेअर होतो आणि मला बुद्धिबळाची आवड होती. मला उंट तिरका चालतो एवढंच ठाऊक आहे. सातव्या अर्जानंतर लक्षात आलं की शिरोलीच्या फाउंड्रीला मी ‘आपल्या नामांकित प्लास्टिक उद्योगात’ काम करायची इच्छा कळवली होती. फाउंड्रीवाले सभ्य, त्यांनी उलट काही लिहिलं नाही. तसं बाकीच्या सहांनीही लिहिलं नाही.

मग बाबांनी पेटीतून बाँडपेपर काढला. हा कागद कागद नव्हे, आमच्या घरातला दागिना आहे. ताईच्या लग्नाची बोलणीसुद्धा साध्या कागदावर झाली होती. त्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात मजकूर उतरला: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मला लेथ, ड्रिलिंग, मिलिंग इत्यादी यंत्रांचे संपूर्ण ज्ञान असून शिकण्याची तीव्र इच्छा आहे.’ शेवटी सवयीनं ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असंही आलं. मी कुरकुरलो, तर म्हणाले, “आज्ञाधारकपणा कुठंही चालतो.”

तो अर्ज घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये गेलो. शेडमध्ये तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, सहा माणसं आणि अण्णा. अण्णा म्हणजे मालक, पण अंगावरच्या ग्रीसवरून ते ओळखू येत नाही. त्यांनी हात पुसले, अर्ज लांब धरून वाचला आणि विचारलं, “कुणी लिवलंय?”

“मीच.”

“अक्षर मास्तरचं हाय.” मग पुन्हा वाचून म्हणाले, “लेथचं संपूर्ण ज्ञान? मला चाळीस वर्षांत निम्मं आलंय. बरं झालं आलास, उरलेलं तू शिकीव.”

सहाही माणसं एकदम कामात बुडाल्यासारखी खाली वाकली. त्यांचे खांदे हलत होते.

अण्णांनी 25 मिलिमीटरचा माईल्ड स्टीलचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले, “फेसिंग मार.” फेसिंग म्हणजे जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं, तोंड सपाट करणं. लेथच्या पुस्तकातला पहिला धडा. मी तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला, चावीनं घट्ट आवळला आणि रुबाबात स्विचकडे हात नेला.

तो हात अण्णांनी हवेतच पकडला. चावी चकमध्येच होती.

पुढची दोन मिनिटं अण्णा काय बोलले ते इथं छापता येणार नाही. मुद्दा असा, की चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते, आणि समोर उभा असतो तो आपणच. कॉलेजात हे भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं. आम्ही त्याच पाटीला दप्तरं अडकवायचो.

चावी काढून मी फेसिंग मारलं. तोंड झकास चकाकलं, पण बरोबर मधोमध हरभऱ्याएवढा टोचा उभा राहिला. अण्णा म्हणाले, “हे काय?” तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता, त्यामुळे मी घडाघडा सांगितलं की कापणाऱ्या टूलचं टोक जॉबच्या मध्यरेषेपेक्षा खाली असलं की ते मध्यापर्यंत कापतच नाही, आणि टोचा राहतो.

“मग वर घे की.”

हे मात्र परीक्षेत नव्हतं. कॉलेजात टूल बसवून ठेवायचं काम लॅब असिस्टंटचं. आम्ही फक्त हँडल फिरवून फोटो काढायचो. मी टूलकडे आणि टूल माझ्याकडे बघत राहिलं. शेवटी अण्णांनी हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडचे दोन तुकडे टूलखाली सरकवले, टूलचं टोक टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकाशी लावून उंची बघितली आणि पुन्हा फेस मारला. टोचा गेला. माझं संपूर्ण ज्ञानही त्याच्यासोबत खालच्या ट्रेमध्ये पडलं.

“हे बघ,” अण्णा म्हणाले, “ही तीव्र इच्छा बापाला परत दे. तू स्वतःच्या हातानं काय केलंस ते लिहून आण. किती जॉब, काय माप मागितलं, काय आलं. आणि बिघडवलंस ते आधी लिव्ह. न बिघडवता शिकलेला माणूस मला नको, त्यो माझ्याकडं येऊन बिघडवतोय.”

घरी येऊन मी वहीचा कागद घेऊन बसलो आणि आयुष्यातलं पहिलं खरं संकट समोर आलं: लिहायला काही नव्हतं. आमच्या बॅचमध्ये वीस जण आणि चालू लेथ दोन. जर्नल काढून बघितलं तर त्यात माझा प्रत्येक जॉब अचूक. पायरीचा व्यास 18.00 मिलिमीटर. शेजाऱ्याची 18.00. सगळ्या वर्गाची 18.00. मोठमोठ्या कारखान्यांना न साधणारी गोष्ट आम्ही एका जर्नलवरून एकोणीस जर्नलांत उतरवून साधली होती.

तो जॉब मात्र माझ्याकडे होता, टेबलावर पेपरवेट म्हणून. मित्राचा व्हर्निअर मागून आणला आणि पायरी मोजली: 17.60. मग सगळं आठवलं. शेवटच्या कटाआधी माप 18.40 आलं होतं. चाळीस शतांश काढायचेत म्हणून मी हँडलच्या डायलवर 0.40 दिले. पण आमच्या त्या लेथचा डायल टूल किती आत गेलं ते सांगायचा, आणि जॉब फिरत असल्यामुळे टूल एका बाजूनं जेवढं खातं तेवढंच पलीकडूनही खातं. व्यास दुपटीनं कमी होतो. द्यायचे होते 0.20, मी दिले 0.40, आणि उडाले 0.80. लोखंड कापता येतं, चिकटवता येत नाही. सर म्हणाले, “जर्नलमध्ये बरोबर लिही म्हणजे झालं.”

रात्री बाराला अर्ज तयार झाला. बाबांनी वाचला आणि खुर्चीत बसले. अर्ज असा होता:

‘अण्णा, मी लेथवर एकूण पाच जॉब केले. तीन मापात आले, एकावर आटे पाडताना ते फाटले, आणि पायरीचा जॉब 18 ऐवजी 17.60 झाला, कारण डायलवर निम्मं द्यायचं असतं हे मी विसरलो. तो जॉब सोबत आणला आहे. ड्रिलवर 8.5 चं भोक पाडून हातानं एम10 चे आटे पाडता येतात. त्यात एक टॅप मोडला. मी अर्धा फेरा उलटा न घेता सरळ पिळत गेलो, चुरा अडकला. त्यानंतरची चार भोकं नीट आली. व्हर्निअर 0.02 पर्यंत आणि मायक्रोमीटर 0.01 पर्यंत वाचता येतो. फोर जॉ चकमध्ये जॉब सेंटर करता येत नाही, कारण कॉलेजचा डायल गेज कपाटात असायचा आणि चावी सरांकडे. ते मला पहिल्यांदा शिकायचं आहे. चकची चावी काढून ठेवीन.’

“हा अर्ज नाही,” बाबा म्हणाले, “हा कबुलीजबाब आहे. आणि खाली ‘आपला आज्ञाधारक’ कुठाय?”

सकाळी अण्णांनी तो उभ्यानं वाचला. टॅपच्या ओळीवर थोडं थांबले. जॉब हातात घेऊन पायरीला स्वतःचा व्हर्निअर लावला, 17.60 आल्यावर “हं” म्हणाले. उद्यमनगरात ‘हं’ म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सरकारी बाजू मी पाठ करून गेलो होतो. अप्रेंटिस कायदा 1961 चा. डिप्लोमावाला त्यात टेक्निशियन अप्रेंटिस, मुदत एक वर्ष, स्टायपेंड तेव्हा किमान 8000, त्यातला निम्मा सरकार मालकाला परत देतं. तीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीसवाल्याची मर्जी. मर्जीचे मालक माझ्यासमोर उभे होते. ते म्हणाले, “ते अप्रेंटिसांचं नॅट्स पोर्टल का काय, ते तू भर. मला त्याचा ओटीपी तेवढा विचार. आधी इकडं ये.”

लेथवर एक जॉब चढवलेला होता. माप घ्यायला सांगितलं: 18.40. पाहिजे 18.00. माझ्या जखमेवरची खपली त्यांनी नेमकी हेरली होती. मग खिशातून त्यांनी बाबांचा बाँडपेपर काढला, त्याची बोटभर पट्टी टर्रकन फाडली आणि मायक्रोमीटरमध्ये धरून मला वाचायला लावली.

“0.12.”

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढी अक्षरं त्या पट्टीवर दिसत होती. अण्णांनी ती तेलाच्या थेंबानं जॉबवर चिकटवली. मशीन बंद. टूल हळूहळू पुढं आणलं, एका हातानं पट्टी ओढत राहिले, आणि पट्टी जेमतेम अडकायला लागली तिथं थांबून डायल शून्यावर लावला. पट्टी काढली आणि म्हणाले, “आता किती द्यायचं?”

हे मला येत होतं. रात्रभर हेच तर लिहिलं होतं. “निम्मं. 0.20.”

“आणि कागद?”

“कागद काय?”

“टूल आन् जॉबच्या मधी कागद हुता न्हवं? बापाचा हाय म्हणून मोजायचा न्हाई व्हय?”

टूल जॉबला अजून टेकलेलंच नव्हतं. कागदाच्या जाडीइतकं लांब होतं. मी मनात बेरीज केली, बोटांवर तपासली. “0.32.”

“दे.”

दिले. आधी चकची चावी काढून ट्रेमध्ये ठेवली, तीही जरा मोठ्यानं आपटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कट संपला, मशीन थांबलं, व्हर्निअर लावला: 18.02. अण्णांनी स्वतः बघितलं, पुन्हा “हं” म्हणाले आणि चहाला निघाले. दारातून मागं वळून म्हणाले, “उद्या आठला ये. आन् घरात तसला कागद आणखी असला तर आण. चांगला हाय, सगळीकडं एकसारखा भरतोय.”

बाबांना सांगितलं, “अर्ज आवडला. आणखी मागितलेत.”