अकरा महिन्यांची तीन कंत्राटे आणि लाल रंगाची एक ओळ

आज दुपारपासून मन स्वस्थ नाही, म्हणून लिहितो आहे. आमच्या विभागात पुरवठादारांची बिले तपासून त्यांचे पैसे वेळेवर सोडणारी एक जागा भरायची आहे. भरती विभागातून गुण देऊन लावलेली यादी आली. वरचे बारा जण हिरव्या रंगात होते आणि खालचे सगळे लाल रंगात. मला फक्त हिरवे अर्ज पाहायचे होते. पण एका लाल ओळीत कौशल्याला ५० पैकी ४४ गुण दिसले, जे हिरव्यातल्या कोणालाही नव्हते, आणि तरीही एकूण बेरीज ६३.५ होती. कट-ऑफ ७० चा. म्हणून त्या ओळीतल्या बाईंचा रिझ्युमे उघडला. (हे सगळे तिची परवानगी घेऊन लिहितो आहे, तिचे आणि कंपनीचे नाव मात्र मुद्दाम देत नाही.)

गुणांची विभागणी अशी होती: कौशल्य ५०, गेल्या पाच वर्षांतला अनुभव ३० आणि ‘स्थिरता’ २०. स्थिरतेत अठरा महिन्यांपेक्षा कमी टिकलेल्या प्रत्येक जुन्या नोकरीमागे ४ गुण वजा होतात आणि सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असेल तर आणखी ५. या बाईंच्या रिझ्युमेवर एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळात अकरा-अकरा महिन्यांच्या तीन नोकऱ्या आहेत. बारा गुण गेले. जुलै २०२२ ते सप्टेंबर २०२४ असा सत्तावीस महिन्यांचा खंड आहे. आणखी पाच गेले. वीसपैकी तीन उरले आणि यादीत त्यांच्या नावापुढे शेरा पडला, ‘जॉब हॉपर’.

त्या तीन नोकऱ्यांच्या ओळी मी नीट वाचल्या. तिन्ही ठिकाणी मालक म्हणून वेगवेगळ्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींची नावे आहेत, पण कामाचे ठिकाण एकच, काम एकच, आणि एकीचा शेवटचा दिवस संपला की दुसऱ्या दिवशी दुसरीची सुरुवात. ज्यांनी चाकण, भोसरी, रांजणगाव पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. माणूस त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसतो, कंत्राट अकरा महिन्यांचे होते, कंपनी ठेकेदार बदलते आणि पगाराच्या पावतीवरचे नाव तेवढे बदलते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो, त्याखाली आस्थापनांची नावे बदलत जातात. ही बाई तेहतीस महिने एका जागेवरून हलली नाही, आणि आपण तिला तीन वेळा नोकरी सोडल्याची शिक्षा केली. सोडली कोणी? नाव बदलले ते वरच्यांनी, गुण कापले ते तिचे.

हे लिहिताना मला २००९ साल आठवते आहे. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी नोकरी सोडून कराडला गेलो आणि चौदा महिने तिथेच राहिलो. परत आल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो तेव्हा हातात द्यायला माझ्याकडे चौदा महिन्यांची एक रिकामी जागा होती, दुसरे काही नव्हते. तिथल्या साहेबांनी मला काहीही विचारले नाही. बँकेचे पासबुक आणि कॅशबुकाची दोन पाने समोर ठेवली आणि म्हणाले, “हे जुळवून दाखवा.”

यादीकडे परत येतो, कारण खरा राग अजून सांगायचा आहे. अनुभवाच्या ३० गुणांचे सूत्र असे आहे की गेल्या साठ महिन्यांत जितके महिने काम केले, त्यातल्या प्रत्येक महिन्याला अर्धा गुण. तिचे सत्तावीस महिने घरी गेले, तेहतीस कामात, म्हणून ३० पैकी १६.५. म्हणजे साडेतेरा गुण इथे कापले गेले, आणि तोच खंड स्थिरतेच्या रकान्यात पुन्हा उभा राहिला व आणखी पाच गुण घेऊन गेला. एका खंडाची किंमत साडेअठरा गुण! एकच बिल दोनदा खर्ची टाकले तर आम्ही हिशेबनिसाला जाब विचारतो. इथे एक सासू डायलिसिसवर होती, आठवड्यातून तीनदा कोणीतरी तिच्यासोबत रुग्णालयात जाऊन बसायला हवे होते, आणि त्या बसण्याची वसुली दोन रकान्यांतून झाली, तरी कोणाला खटकले नाही.

भरती विभागातल्या मॅडम वाईट नाहीत, हे मी इथे स्पष्ट लिहितो. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, एका जागेला चारशे अर्ज येतात. मी प्रत्येक रिझ्युमे वाचत बसले तर जागा भरायला दिवाळी येईल.” हे खरे आहे. रकाने लागतातच. आणि जो माणूस दोन वर्षांत चार ठिकाणच्या कायम नोकऱ्या स्वतःहून सोडतो, त्याला का सोडल्या हे विचारायलाच हवे, कारण नवा माणूस शिकवून मार्चअखेरीच्या तोंडावर त्याचा राजीनामा हातात पडणे काय असते ते मीही भोगले आहे. पण विचारणे वेगळे आणि न विचारता गुण कापणे वेगळे.

मग मी कागदावर पुन्हा बेरीज केली. फक्त एक दुरुस्ती केली: एकाच ठिकाणी, सलग तारखांना, एजन्सी बदलून केलेले काम म्हणजे एक नोकरी. बारा गुण परत आले, ६३.५ चे ७५.५ झाले. म्हणजे बाकी कशालाही हात न लावता त्या कट-ऑफच्या वर आहेत. पुढे जाऊन अनुभव ‘गेल्या साठ महिन्यांत किती’ असा न मोजता ‘या कामाचा एकूण किती’ असा मोजला, तर त्यांचा अनुभव जवळजवळ आठ वर्षे भरतो आणि जाहिरातीत आपण पाच मागितली होती. तिथे पूर्ण ३० मिळतात आणि खंडाचे पाच गुण एकदाच कापले तरी बेरीज ८९ होते. माणूस तोच आणि कागदही तोच.

कोणी म्हणेल की दोन वर्षे बाहेर असलेल्या माणसाचे ज्ञान शिळे होते. होते, मान्य आहे. आमच्या कामात तर नियम दरवर्षी बदलतात. याच खंडाच्या काळात आयकर कायद्यात ४३बी(एच) आले. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो. पुरवठादारांची बिले पाहणाऱ्याला हे माहीत नसेल तर कंपनीला थेट कराचा फटका बसतो. पण माहीत आहे की नाही हे सत्तावीस या आकड्यावरून कसे कळणार? फोन करून कळते.

संध्याकाळी मी फोन केला. खंडाचा विषय मी काढला नाही. विचारले एवढेच की लघु पुरवठादाराशी लेखी करार नसेल तर पैसे किती दिवसांत द्यायचे. त्या लगेच म्हणाल्या, “करार नसेल तर पंधरा, असेल तर त्यात लिहिले असेल तेवढे, पण पंचेचाळीसच्या वर नाही. आणि सर, पुरवठादार नुसता व्यापारी असेल तर वेगळे पाहावे लागते, म्हणून आधी त्याचे उद्यम प्रमाणपत्र मागवून ठेवायचे.” मी विचारले, घरी असताना हे कसे कळले? म्हणाल्या, दिरांचे छोटे वर्कशॉप आहे, त्यांची बिले आणि जीएसटी रात्री त्याच पाहायच्या. मग रिझ्युमेत का नाही लिहिले? “घरचेच काम होते, त्याचा पगार नव्हता, म्हणून नोकरी कसे म्हणायचे?” हे ऐकून मला दोन मिनिटे बोलता आले नाही.

साहेबांनी दिलेल्या त्या दोन पानांवर मला चाळीस मिनिटे लागली होती. फरक ४,५०० रुपयांचा येत होता. बाबांच्या उशाशी बसून चौदा महिने औषधांच्या बिलांशिवाय कशाचीही बेरीज केली नव्हती, आणि हात कापत होते. मग लक्षात आले की ४,५०० ला नवाने पूर्ण भाग जातो, म्हणजे कोणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याची शक्यता आहे. त्या वाटेने शोधत गेलो आणि ७,२०० चा एक चेक कॅशबुकात २,७०० म्हणून चढवलेला सापडला. साहेबांनी पान पाहिले आणि सोमवारपासून या म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या हातात आजच्यासारखी रंगीत यादी असती तर माझी ओळही लालच असती, आणि ती उघडायचे कारण त्यांना कधी मिळाले नसते.

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. सहा महिन्यांवर खंड धरायचा ही रेषा कोणी ठरवली मला ठाऊक नाही, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची आहे, म्हणजे तेवढीच. कायम नोकरीतल्या बाईची ती रजा रिझ्युमेवर दिसतसुद्धा नाही. कंत्राटावरच्या बाईलाही कायद्याने हक्क आहे, पण सातव्या महिन्यात तिचे अकरा महिन्यांचे कंत्राट संपले आणि पुन्हा केले नाही, तर तेच बाळंतपण तिच्या कागदावर खंड म्हणून उमटते, आणि आधीचे अकरा महिने ‘छोटी नोकरी’ म्हणून. आमच्या यादीतल्या लाल ओळी मी पुन्हा चाळल्या. खंडाचे गुण कापलेल्या एकोणीस जणांपैकी चौदा बायका आहेत.

कंत्राटावर काम केलेल्यांना एक सांगतो, कारण या गोष्टी कोणी सांगत नाही. मथळ्यात जिथे प्रत्यक्ष काम केले ते ठिकाण आणि पूर्ण काळ महिन्यांसह लिहा, एजन्सींची नावे त्याच्या खाली एका ओळीत द्या आणि ‘पगार एजन्सीमार्फत’ असे स्पष्ट म्हणा. यात लपवाछपवी नाही. पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तशाच निघतील. आणि घरच्या धंद्याची बिले पाहिली असतील तर तेही लिहा, पगार नव्हता असे लिहून लिहा.

उद्या सकाळी मॅडमबरोबर बसणार आहे. एजन्सीच्या सलग नोकऱ्या एक धरायच्या, हे त्यांनी फोनवरच मान्य केले. खंड दोन रकान्यांतून कापू नये, यावर त्या विचार करते म्हणाल्या. तिथे मला भांडावे लागेल असे दिसते. बाकीच्या लाल ओळी मात्र मी स्वतः वाचणार आहे, रात्री बसावे लागले तरी. त्या बाईंना गुरुवारी अकरा वाजता बोलावले आहे. बँकेचे पासबुक आणि कॅशबुकाची दोन पाने मी आत्ताच काढून ठेवली.