एकतीस बाजा

मी जवळजवळ "हो" म्हणून टाकलं होतं. फोन पुण्याहून होता. तिथल्या खाद्यप्रदर्शनासाठी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, हवेत, 200 किलो, आणि बरोबर तेराव्या दिवशी पोहोचले पाहिजेत. घाऊक माल म्हणून भाव 200 रुपये किलो. आमच्या अमळनेरच्या गच्चीवर महिन्याला चाळीस-पन्नास किलोंचा धंदा चालतो. 200 गुणिले 200 म्हणजे 40 हजार, हा गुणाकार माझ्या डोक्यात फोन ठेवायच्या आधीच झाला होता. दुसरा कुठलाच हिशेब मात्र झाला नव्हता. नशिबाने तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी "संध्याकाळी सांगते" म्हणाले.

सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपलाकडे बाजा कितल्या शेतस?"

मी म्हटलं, आठ. आणि मग जिन्यातच बसून, लाइटबिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला.

एका बाजेवर ओलं धोतर अंथरून साठ बिबडे बसतात. आठ बाजांवर 480. आमचे वाळलेले पन्नास बिबडे म्हणजे एक किलो, पण धोतरावरून सोडवताना दहातला एक तुटतोच. म्हणजे दिवसाला साडेआठ किलो. आता दिवस. ज्वारी भिजायला तीन दिवस लागतात, ते काही कोणाच्या प्रदर्शनासाठी दोन होत नाहीत. शेवटच्या खेपेला दुसरं ऊन द्यायला एक दिवस, पॅकिंग आणि पार्सलला दोन. उरले सात. एप्रिलात एखाद्या दुपारी आभाळ येतंच, म्हणून आणखी एक वजा. सहा दिवस, साडेआठ किलो: 51.

200 किलोंना एकतीस बाजा लागणार होत्या. एवढ्या बाजा फक्त धर्मशाळेत असतात.

"गच्चीवर प्लास्टिक अंथरू की," माझ्यातल्या उद्योजिकेनं सुचवलं. सासूबाईंनी विचारलं, घालणार कोण? ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम असेपर्यंतच बिबडा नीट पसरतो. आम्ही चौघी, म्हणजे त्या, मी आणि मजुरीच्या दोघी, सहाला सुरू करून नऊला कशाबशा 480 घालतो. चौपट मालाला सोळा जणी हव्यात, आणि नव्या हाताचा बिबडा कडेला कागद आणि मध्ये भाकरी होतो. तो वरून वाळल्यासारखा दिसतो, पण मोडून बघितला तर कट्‌ आवाज येत नाही, नुसता वाकतो. असा एक पिशवीत गेला की आठवड्यात बुरशी, आणि ती शेजारच्यांनाही लागते. मागच्या वर्षी मी असे तीन किलो उकिरड्यावर टाकले आहेत. रात्री, अंधारात, कोणी बघू नये म्हणून.

जागा, हात आणि दिवस झाले. मग भावाकडे वळले. एका दिवसाचा खर्च असा: ज्वारी, तीळ, मिरची, लसूण मिळून 800, सरपण 150, पिशव्या 100, दोघींची मजुरी 700. एकूण 1750. भागिले साडेआठ, 206 रुपये किलो. म्हणजे 200 च्या भावात मी प्रत्येक किलोमागे सहा रुपये पदरचे घालून पुणेकरांना बिबडे खाऊ घालणार होते.

"आन् मनी मजुरी?" सासूबाई म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग मी त्यांचे आणि माझे 350-350 धरले. 2450 भागिले साडेआठ, 288. मी बिबडे 280 ला विकते. म्हणजे इतकी वर्षं गल्लीभर "धंदा बरा चाललाय" म्हणत मी किलोमागे आठ रुपये तोट्यात होते आणि तो तोटा सासूबाईंच्या गुडघ्यांतून भरून निघत होता. हा आकडा मी लाइटबिलावर दोनदा खोडून पुन्हा काढला. दोन्ही वेळा तोच आला.

संध्याकाळी फोन केला. आवाज शक्य तितका कारखानदारासारखा ठेवला. तेराव्या दिवशी 50 किलो मिळतील, भाव 300, अर्धी रक्कम आगाऊ आणि ज्वारी पैसे आल्यावरच भिजेल. उरलेले हवे असतील तर आखाजीच्या सणानंतर. पलीकडे बराच वेळ शांतता. दुसरीकडे विचारतो म्हणाला. मला रात्रभर झोप नाही. 40 हजार उशाशी बसून होते.

सकाळी 7,500 जमा झाल्याचा मेसेज आला. दुसरीकडच्यांनी 200 किलोंना लगेच हो म्हटलं होतं, आणि त्यामुळेच त्याला शंका आली, असं त्यानं स्वतःच सांगितलं.

मी ज्वारी निवडायला बसले. सासूबाई समोर आल्या, हात पुढे केला.

"काय?"

"साडेतीनशे. आजथून."

मी म्हटलं, अहो, अजून काम सुरू कुठे झालंय? त्या म्हणाल्या, "अर्धा आगाऊ दे मंग."