एलटीएचा ब्लॉक मार्चमध्ये संपत नाही आणि हॉटेलचं बिल त्यात बसत नाही

«एलटीएचा ब्लॉक ३१ मार्चला संपतो, राहिलेली ट्रिप वाया जाते. म्हणून मार्चच्या आत कुठेही फिरून या. तिकीट, हॉटेल, टॅक्सी, जेवण, सगळी बिलं लावा, घरातलं कुणीही चालतं. एलटीएची पूर्ण रक्कम टॅक्स-फ्री. आणि नोकरी बदलली की ब्लॉक नव्याने सुरू!»

वागळे इस्टेटपासून महापेपर्यंतच्या ऑफिसांतून गुंतवणुकीचे आणि भाड्याचे पुरावे मागायला सुरुवात झाली की एलटीए, म्हणजे पगारातल्या रजा प्रवास भत्त्याबद्दलचा हा मेसेज फिरायला लागतो. यंदा जरा जास्तच जोमाने फिरतोय, कारण २०२५ मध्ये खरोखरच एक ब्लॉक संपला आहे. आधी एक गाळणी लावून घ्या: तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल, किंवा काहीच न कळवल्याने तीच लागू झाली असेल, तर एलटीएची सूट तुम्हाला नाहीच. एलटीए म्हणून मिळालेला प्रत्येक रुपया करपात्र पगार आहे. पुढचं सगळं जुन्या प्रणालीवाल्यांसाठी, म्हणजे १९६१ च्या कायद्याचं कलम १०(५) आणि नियम २ब यांना धरून आहे.

ब्लॉक चार कॅलेंडर वर्षांचा असतो, आर्थिक वर्षांचा नाही. १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२५ हा एक, आणि २०२६ ते २०२९ हा पुढचा. प्रत्येकात दोन प्रवासांवर सूट. गोंधळ होतो तो पगाराचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो म्हणून. पुरावे मार्चच्या आत द्यायचे असतात, पण ती मुदत पगार विभागाची. प्रवास कुठल्या ब्लॉकमध्ये मोजायचा ते त्याच्या तारखेवरून ठरतं.

आता राहिलेल्या प्रवासाचं. दोनपैकी एक प्रवास शिल्लक असेल तर तो पुढच्या ब्लॉकच्या पहिल्या कॅलेंडर वर्षात करता येतो. म्हणजे २०२२-२५ मधला एक प्रवास ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जिवंत आहे, आणि तो नव्या ब्लॉकच्या दोन प्रवासांत धरला जात नाही. मार्चसाठी धावपळ करून महागडी तिकिटं काढण्याची गरज नाही. मात्र पुढे नेता येतो तो एकच. चार वर्षांत एकदाही सूट घेतली नसेल तर दुसरा प्रवास गेला तो गेलाच.

खरी मेख बिलांची आहे. सूट फक्त भाड्यावर असते: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या जाण्या-येण्याच्या भाड्यावर, तेही प्रत्यक्ष खर्च केलेल्या. हॉटेल, जेवण, स्थलदर्शन, घरापासून विमानतळापर्यंतची कॅब, काहीच यात येत नाही. भाड्यालाही मर्यादा आहेत. विमानाने गेलात तर राष्ट्रीय विमान कंपनीच्या इकॉनॉमी भाड्यापर्यंत, सर्वांत जवळच्या मार्गाने. (एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी झाली, नियमाच्या मजकुरात मात्र ‘राष्ट्रीय’ कंपनी तशीच राहिली!) जिथे रेल्वे जाते तिथे विमानाखेरीज कशानेही गेलात तरी मर्यादा एसी फर्स्ट क्लासच्या भाड्याची. म्हणजे ठाण्याहून गाडी भाड्याने घेऊन मालवणला गेलात, तर कुडाळपर्यंतच्या प्रवासाला ठाणे-कुडाळ एसी फर्स्टचं भाडं ही वरची रेघ. कुडाळ ते मालवण रेल्वे नाही, पण एसटी आहे. अशा टप्प्यावर मान्यताप्राप्त सार्वजनिक वाहतुकीच्या पहिल्या किंवा डीलक्स वर्गाचं भाडं ही मर्यादा. दोन्ही नसतील तर तेवढ्या अंतराचं एसी फर्स्टचं भाडं धरतात.

एक हिशेब मांडतो. घणसोलीत राहणारे एक गृहस्थ, पगारात वर्षाला ८०,००० रुपये एलटीए. मे २०२३ मध्ये त्यांनी राजस्थानच्या प्रवासावर सूट घेतली, नंतर काही नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये रजा टाकून ते, पत्नी, दोन मुलं आणि आई असे पाच जण मुंबईहून कोचीला विमानाने आणि तिथून टॅक्सीने मुन्नारला गेले. विमानाचं जाऊन-येऊन माणशी ११,००० म्हणजे ५५,०००. टॅक्सी २२,०००, हॉटेल ४८,०००, जेवण १४,०००. एकूण १,३९,०००. मेसेजवर विसंबलं तर ८०,००० पूर्ण माफ.

प्रत्यक्षात आईंना स्वतःचं पुरेसं पेन्शन आहे. आई-वडील आणि भावंडं तुमच्यावर पूर्णपणे किंवा मुख्यतः अवलंबून असतील तरच मोजतात. पत्नी आणि मुलांना ही अट नाही. (मुलांसाठी वेगळी अट आहे: १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेली असतील तर दोघांपुरतीच सूट, पहिल्यानंतर जुळी झाली तर त्याला अपवाद. सासू-सासरे कुटुंबाच्या व्याख्येतच नाहीत.) तेव्हा विमानभाड्यातले ४४,००० उरले, आणि ते इकॉनॉमीच्या मर्यादेत आहेत असं धरू. कोची-मुन्नार रेल्वे नाही, बस आहे. टॅक्सीच्या पैशांपैकी त्या बसच्या वरच्या वर्गाच्या भाड्याएवढीच रक्कम मोजायची. चौघांचे जाऊन-येऊन ३,००० धरले तर सूट ४७,०००. उरलेले ३३,००० करपात्र. वीस टक्क्यांच्या टप्प्यात, चार टक्के उपकरासह, त्यावर ६,८६४ रुपये कर. आणि हा प्रवास फेब्रुवारी २०२६ चा असला तरी तो २०२२-२५ चा शिल्लक प्रवास म्हणून जमा होतो. नव्या ब्लॉकचे दोन्ही शाबूत.

सहल कंपनीचं पॅकेज घेणाऱ्यांची अडचण इथेच होते. बिलावर ‘केरळ, पाच जण’ आणि एक ठोक रक्कम. त्यातलं भाडं किती ते दिसत नसेल तर पगार विभाग ते बाजूला ठेवतो, आणि त्याचं चुकतंही नाही. बुकिंग करतानाच तिकिटांची रक्कम वेगळी दाखवून घ्या. गोल फिरून येणारी सहल असेल तर सगळ्या टप्प्यांची बेरीज करायची नाही. निघाल्यापासून सर्वांत दूरच्या ठिकाणापर्यंतच्या जवळच्या मार्गाचंच भाडं मोजतात.

«कुठेही» म्हणजे भारतात कुठेही. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी दिल्लीहून मदुराईला जाऊन परतताना कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर केलं, आणि बँकेने त्यावर करकपात केली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशाचा फेरा घातलेल्या अशा प्रवासाला ही सूट नाही, आणि करकपात न केल्याबद्दल बँक कसूरदार. मालक मंडळी तेव्हापासून तिकिटावरचे टप्पे बारकाईने बघतात ते उगीच नाही.

नोकरी बदलल्याने ब्लॉक बदलत नाही. सूट माणसाला आहे, कंपनीला नाही. आधीच्या ठिकाणी घेतलेला प्रवास नव्या ठिकाणीही मोजला जातो, मग नव्या पगार विभागाला तो दिसो वा न दिसो. मालकाला सवलतींचा तपशील देणाऱ्या फॉर्म १२बीबीवर सही तुमची असते, तेव्हा जुना दावा कोणत्या वर्षी केला होता ते जुन्या फॉर्म १६ मध्ये बघून मगच आकडा भरा. आणि कागद वेळेत देता आले नाहीत म्हणून कर कापला गेला असेल, तर एलटीए हातात आलेला असल्यास विवरणपत्र भरताना ही सूट मागता येते. तिकिटं, बोर्डिंग पास आणि रजेची नोंद तेवढी जपून ठेवा, कारण प्रवास रजेवर असताना केलेला असावा लागतो आणि स्वतः तुम्ही त्यात असावे लागता.