नकार नेमका कशाला आहे?

वाचक लिहितात: “जोडीदाराला नको असेल तर त्याच्याविषयी समाजमाध्यमांवर काही टाकू नये, हा तुमचा लेख एकतर्फी वाटला. नवऱ्याला आवडत नाही म्हणून बायकोने लग्नाच्या वाढदिवसाचा एक फोटोही टाकायचा नाही? त्याचा खासगीपणा मान्य, पण आनंद माझाही आहे आणि अकाउंटही माझे आहे. तुमच्या हिशेबाने घरात जो जास्त बुजरा त्याचेच चालणार. शिवाय मैत्रिणी विचारतात, ‘काही बिनसलंय का?’ त्यांना काय सांगू?”

सप्रेम नमस्कार.

अकाउंट आपले आहे, हे खरेच. परंतु त्यावरून चेहरा आपला ठरत नाही. जोडीदाराचा चेहरा, त्याचे नाव, त्याने घरात उच्चारलेली वाक्ये, त्याचे आजारपण, पगार आणि त्याचे माहेरचे-सासरचे ताणतणाव यांबाबत त्याचा शब्द अखेरचा मानावा, या मतावर मी ठाम आहे. याउलट आपण स्वतः काय पाहिले, काय रांधले, कुठे गेलात, कशाने हरखून गेलात, यावर त्याचा नकाराधिकार चालत नाही. वाद होतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, आणि तिथे ‘टाकायचे की नाही’ या प्रश्नाने काहीच सुटत नाही. त्याला नेमके काय नको आहे, हे आधी काढून घ्यावे लागते.

माझ्या परिचयातील एका जोडप्याचे उदाहरण, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून, सांगतो. ती घरी केक करून विकते आणि त्यासाठी तिचे इन्स्टाग्राम अकाउंट सर्वांसाठी खुले आहे. तो कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. तारकर्लीच्या सहलीतला दोघांचा फोटो तिने त्याला टॅग करून टाकला, आणि तो दोन दिवस घुम्यासारखा बसला. तिने अर्थ असा लावला की याला आपल्यासोबत दिसायचेच नाही. प्रत्यक्षात बोलणे झाले तेव्हा निघाले ते वेगळेच. नातेवाइकांनी फोटो पाहण्याला त्याची मुळीच हरकत नव्हती. त्याला धास्ती होती ती विद्यार्थ्यांची. टॅगमुळे तिच्या खुल्या अकाउंटवरून त्याच्या प्रोफाइलपर्यंत एका स्पर्शात पोचता येत होते, आणि त्याचे अकाउंट खासगी असले तरी नाव आणि प्रोफाइलचा फोटो कोणालाही दिसत होताच.

म्हणजे त्याचा आक्षेप फोटोला नव्हता, प्रेक्षकाला होता. अशा आक्षेपावर उपाय आहेत. केकच्या अकाउंटवर त्याचा चेहरा नाही आणि टॅग नाही. दोघांचे फोटो इन्स्टाग्रामच्या ‘क्लोज फ्रेंड्स’ यादीपुरते किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर निवडक लोकांनाच, असे त्यांचे ठरले. यातही खाचखळगे आहेत. व्हॉट्सॲपच्या स्टेटसची प्रेक्षकयादी बदलली, तरी आधी टाकलेल्या स्टेटसला तो बदल लागू होत नाही, म्हणून यादी आधी तपासायची आणि मग फोटो टाकायचा. ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादीही हळूहळू फुगत जाते, कारण कोणाला तरी वाईट वाटेल म्हणून आपण नावे वाढवतो, ती अधूनमधून त्याच्यासमोर बसून छाटावी. शिवाय फोटो टॅगशिवाय टाकला, तरी एखादी उत्साही मैत्रीण खाली प्रतिक्रियेत त्याचे नाव लिहून मोकळी होते. इन्स्टाग्रामवर ठरावीक शब्द असलेल्या प्रतिक्रिया लपवण्याची सोय आहे. तिने त्या यादीत त्याचे नाव आणि टोपणनाव घालून ठेवले.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो फार जणांचा असतो. टॅगला मंजुरी द्यायची की नाही, हे जोडीदार आपल्या सेटिंगमध्ये ठरवू शकतो, त्यामुळे ‘त्याला नको असेल तर तो टॅग नाकारेल’ असे म्हटले जाते. पण टॅग नाकारल्याने एवढेच होते की तो फोटो त्याच्या प्रोफाइलवर येत नाही. आपल्या अकाउंटवर तो तसाच राहतो आणि आपले सगळे अनुयायी तो पाहतात. फेसबुकच्या टाइमलाइनवरील तपासणीचेही तेच. ही सोय त्याच्या भिंतीचे रक्षण करते, त्याच्या चेहऱ्याचे नाही, म्हणून त्याने टॅग मंजूर करणे वा न करणे याला संमती समजू नये.

हे सारे उपाय आक्षेप प्रेक्षकाला असेल तेव्हाचे. काहींना टाकलेली गोष्ट कायमची राहण्याची चिंता असते. त्यांना चोवीस तासांनी नाहीशी होणारी स्टोरी चालते, पण ‘हायलाइट’मध्ये जतन केलेली चालत नाही. त्यांच्यासाठी जुन्या पोस्ट खोडण्याऐवजी ‘अर्काइव्ह’मध्ये टाकता येतात, म्हणजे त्या इतरांना दिसत नाहीत आणि आपल्याजवळ राहतात. आणि काहींना मुळात आपल्या नात्याचे प्रदर्शनच नको असते. त्यांच्यासाठी पाठमोरा फोटो किंवा गुंफलेले हात ही पळवाट ठरते. तिथे नकार हा नकारच समजावा. नाव न घेता ‘माणसांना सवय असते की…’ अशी घरच्या भांडणावरची विनोदी पोस्ट लिहिणे तर सर्वांत फसवे, कारण वाचणाऱ्यांना आपल्याला एकच नवरा आहे हे ठाऊक असते.

आता बुजऱ्याचेच चालते या मुद्द्याकडे येतो. निर्णय झालेला नसताना न टाकण्याकडे माझा कल आहे, त्याचे कारण व्यवहाराचे आहे: आज न टाकलेला फोटो पुढल्या महिन्यात टाकता येतो, पण टाकलेल्याचा कोणी स्क्रीनशॉट घेतला की तो परत येत नाही. कायदाही इथे फारसा कामाला येणार नाही; 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. त्यामुळे हे घरातच ठरवावे लागते. मात्र ‘नको’ म्हणणाऱ्यावरही एक जबाबदारी येते: कारण सांगण्याची आणि काय चालेल ते सुचवण्याची. ‘काहीच नको, आणि का ते विचारू नकोस’ हे मी मान्य करणार नाही.

खासगी स्वभाव आणि लपवाछपवी यांत फरक कसा करायचा, असेही आपण विचारू शकता. जो माणूस स्वतःविषयी एरवीही काही टाकत नाही, पण ऑफिसच्या समारंभाला आपल्याला घेऊन जातो आणि मित्रांशी ओळख करून देतो, तो खासगी स्वभावाचा आहे. जो दर रविवारी ट्रेकचे फोटो टाकतो, मित्रांना टॅग करतो आणि त्यात आपण तेवढ्या कधीच नसता, त्याच्याशी बोलण्याचा विषय फोटो नाही, दुसराच काही तरी आहे.

मैत्रिणींना काय सांगायचे, हे मला वाटते सोपे आहे. ‘त्याला आवडत नाही’ असे सांगितले, तर जी गोष्ट त्याला चव्हाट्यावर नको होती तीच सांगितल्यासारखे होते आणि तो खलनायकही ठरतो. त्याऐवजी ‘आम्ही दोघांचे फोटो टाकत नाही’ एवढेच सांगावे. जी मैत्रीण त्यापुढेही खोदून विचारेल, तिला फोन करून बोलावे. प्रतिक्रियांत उत्तर देत बसू नये. लग्नसमारंभात फोटो टाकणाऱ्या चुलत-मावस भावंडांनाही हेच वाक्य सांगून ठेवावे, आणि ते समारंभाच्या आधी सांगावे. नंतर फोटो काढून टाका म्हणायला गेलो, तर त्यावर चाललेली चर्चा फोटोपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचते.