गॅलरीत न दिसणारा व्हिडिओही फोनची जागा खातो

"व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ गॅलरीत दिसणार नाहीत असं सेटिंग एकदा करून टाका, मग फोन भरायचाच नाही. जुने असतील ते गॅलरीतून उडवा, ॲपची कॅश साफ करा आणि नको त्या ग्रुपमधून बाहेर पडा. ॲपच्या आत जाऊन एकेक फाइल काढत बसायची काही गरज नाही. सर्वांना पाठवा."

हा संदेश सांगली-तासगाव भागातील द्राक्ष आणि बेदाण्याच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो आणि त्यातील प्रत्येक सूचना ऐकायला इतकी सोपी आहे की माणूस ती लगेच करून मोकळा होतो. त्यातील एखादी सूचना थोडी उपयोगाचीही आहे. मात्र ज्या कामासाठी ती दिली आहे ते काम तिने होत नाही, म्हणून एकेक वाक्य घेऊन पाहू. खाली दिलेल्या पायऱ्या अँड्रॉइड फोनच्या आहेत. आयफोनमध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

पहिल्या वाक्यात ज्या सेटिंगचा उल्लेख आहे त्याचे नाव Media visibility असे असून ते Settings मधील Chats या भागात सापडते. ते बंद केल्यावर नव्याने उतरलेली चित्रे गॅलरी दाखवत नाही, एवढाच त्याचा परिणाम. फाइल आधीप्रमाणेच डाउनलोड होते आणि फोनच्या या फोल्डरात जाऊन बसते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

जागा गॅलरीत दिसणाऱ्या चित्राला लागत नाही, फाइलला लागते, त्यामुळे या सेटिंगने एक एमबीही वाचत नाही. सौद्याच्या दिवशी येणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ साधारण 15 एमबीचा धरला आणि सगळ्या ग्रुपांवर मिळून रोज असे वीस व्हिडिओ येतात असे मानले, तर दिवसाला 300 एमबी आणि महिन्याला 9 जीबी होतात. गॅलरी स्वच्छ दिसत असताना हे 9 जीबी आत साचत राहतात आणि एके दिवशी अचानक जागा संपल्याची सूचना येते. घरातील मुलांच्या हाती फोन द्यायचा असेल आणि ग्रुपवरचे काहीबाही त्यांना दिसू नये असे वाटत असेल, तर हे सेटिंग जरूर वापरावे, कारण ते त्याच कामासाठी केलेले आहे.

आता दुसरी सूचना. गमतीचा भाग असा की पहिली सूचना पाळली की दुसरी निरुपयोगी ठरते. नवे व्हिडिओ गॅलरीत दिसतच नसतील, तर ते गॅलरीतून उडवणार कसे? ते सेटिंग करण्यापूर्वी आलेले फोटो गॅलरीत दिसतात आणि तेथून काढताही येतात. परंतु बहुतेक नव्या फोनांत काढलेले चित्र आधी गॅलरीच्या कचरापेटीत जाते आणि साधारण 30 दिवस तेथे राहते, आणि तोपर्यंत जागा सुटत नाही. शिवाय पीडीएफ आणि व्हॉइस मेसेज गॅलरीत कधी येतच नाहीत. आयफोनमध्ये तर गॅलरीतील चित्र ही वेगळी प्रत असते. ती काढली तरी व्हॉट्सॲपने आपल्याजवळ ठेवलेली प्रत जशीच्या तशी राहते.

कॅशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कॅश म्हणजे ॲपने तात्पुरत्या वापरासाठी ठेवलेल्या फाइली. तुमचे फोटो आणि व्हिडिओ तेथे नसतात. ती साफ केल्याने नुकसान होत नाही, पण थोडीशी जागा सुटते आणि ॲप वापरू लागताच ती पुन्हा भरते. धोका वेगळा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये Clear cache च्या शेजारीच Clear data किंवा Clear storage हे बटण असते. घाईत त्यावर बोट पडले तर ॲप नव्याने बसवल्यासारखे होते, पुन्हा नंबर टाकावा लागतो, आणि बॅकअप नसेल तर सगळे संभाषण जाते. सरसकट सगळ्यांना पाठवण्याच्या संदेशात ही सूचना अशी उघडी टाकायला नको होती.

ग्रुपमधून बाहेर पडल्यावर पुढचे फोटो यायचे थांबतात, हे खरे. आलेले मात्र जागेवरच राहतात. बाहेर पडल्यानंतर तो ग्रुप यादीतून वेगळा डिलीट करावा लागतो आणि तेव्हा समोर येणाऱ्या चौकटीत, या चॅटमधील मीडियाही फोनमधून काढायचा का, अशा अर्थाची खूण दिसते. ती केली तरच फाइली जातात.

राहिले शेवटचे वाक्य, आणि संदेशाची खरी गफलत तेथेच आहे. फोन भरण्याचे कारण ॲपच्या आत आहे आणि त्यावरचा उपायही तेथेच आहे. Settings मधील Storage and data या भागात Media auto-download खाली तीन ओळी दिसतात: मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग. मुळात केलेली रचना अशी असते की मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, वाय-फायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि डॉक्युमेंट असे सगळेच उतरते, आणि रोमिंगमध्ये काहीच उतरत नाही. बहुतेक जण नेटपॅक संपू नये म्हणून पहिली ओळ तेवढी बदलतात आणि फोनचा बंदोबस्त झाला असे समजतात. मग संध्याकाळी घरी किंवा दुकानात आल्यावर फोन वाय-फायला जोडला जातो आणि न पाहिलेले व्हिडिओ एकामागून एक आपोआप उतरू लागतात. म्हणून वाय-फायच्या ओळीवर बोट ठेवून व्हिडिओ, ऑडिओ आणि डॉक्युमेंट यांवरील खुणा काढाव्यात. फोटोही नको असतील तर चारही काढाव्यात. त्यानंतर येणारा व्हिडिओ धूसर दिसतो आणि त्यावर बाणासोबत त्याचा आकार लिहिलेला असतो. हवा असेल तरच त्यावर टिचकी मारायची. व्हॉइस मेसेज मात्र खुणा काढल्या तरी आपोआप उतरतात.

या नियमाला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो पुढे येणाऱ्या फाइलींना लागू होतो, आधी साचलेल्यांना नाही. दुसरी मर्यादा अधिक त्रासाची आहे. न उतरवलेली फाइल सर्व्हरवर कायम राहत नाही, त्यामुळे काट्याची पावती किंवा अडत्याने पाठवलेली पट्टी पाहिली त्याच दिवशी उतरवून घ्यावी. बऱ्याच दिवसांनी बाणावर टिचकी मारली तर फाइल मिळत नाही आणि ज्याने पाठवली त्यालाच ती पुन्हा पाठवायला सांगावी लागते.

आधी साचलेले कसे काढायचे, हे तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या फोनवरून सांगतो. फोन 64 जीबीचा असून त्यातील सुमारे 18 जीबी एकट्या व्हॉट्सॲपने घेतले होते. वरचा संदेश वाचून त्यांनी Media visibility बंद केले होते आणि फोन तरीही भरत होता. ॲपच्या आत काही काढायचे म्हटले की त्यांचा जीव खालीवर व्हायचा: "पट्ट्या गेल्या तर हिशेब कशावर दाखवू, दादा?" प्रश्न रास्त होता, म्हणून काम कोणत्या क्रमाने करायचे हे त्या प्रश्नावरूनच ठरवले.

Storage and data मधील Manage storage उघडले की सर्वांत वर ॲपने घेतलेली जागा दिसते, तिच्याखाली Larger than 5 MB आणि Forwarded many times हे दोन गट येतात, आणि त्यांच्याखाली सगळे चॅट आकारानुसार लागलेले असतात. बहुतेक जण थेट खालच्या यादीत शिरतात आणि मोठा दिसणारा चॅट साफ करतात. पट्ट्या जातात त्या अशाच. आम्ही 5 एमबीच्या गटापासून सुरुवात केली. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला पावतीचा फोटो काहीशे केबीचा असतो, म्हणून तो या गटात येतच नाही आणि भीतीचा मोठा भाग तेथेच संपतो. अपवाद स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफचा. त्या यादीत मधूनमधून दिसल्या, तेव्हा त्या आधी बाजूला जपून ठेवल्या. मग क्रमवारीच्या खुणेवरून सर्वांत मोठ्या फाइली वर आणल्या, एकीवर बोट दाबून धरले आणि पुढच्या निवडत गेलो. शेडमधील रॅक, जुन्या सौद्यांचे व्हिडिओ, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या चित्रफिती असा सगळा माल त्यात होता.

अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांच्या गटात, पाच किंवा त्याहून अधिक हातांतून पुढे गेलेले संदेश येतात. स्वतःची पावती अशा वाटेने येण्याची शक्यता जवळपास नसते, म्हणून तेथे फार विचार करावा लागला नाही. मात्र एक गोष्ट येथेच अडली. बरेच काढूनही वरचा आकडा अपेक्षेइतका उतरेना. एकच व्हिडिओ तीन-चार ग्रुपांत आलेला असेल तर एका ठिकाणचा काढून जागा सुटत नाही. डिलीट करताना सगळ्या प्रतीही काढायच्या का, असा पर्याय येतो, तो निवडावा लागतो. तो निवडल्यावर आकडा भराभर खाली आला आणि शेवटी 7 जीबीच्या आसपास थांबला. अडत्यांच्या वैयक्तिक चॅटना आम्ही हातही लावला नाही.

आणखी एक शंका त्यांनी विचारली: आपण स्वतः शेडमध्ये काढून ग्रुपवर पाठवलेल्या व्हिडिओंचे काय? पाठवलेल्या व्हिडिओची वेगळी प्रत व्हॉट्सॲपच्या Sent फोल्डरात राहते आणि मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरात असतो, म्हणजे एकाच व्हिडिओसाठी दोनदा जागा जाते. Manage storage मधून काढली ती व्हॉट्सॲपची प्रत. मूळ ठेवायचा की नाही हे गॅलरीत वेगळे ठरवावे लागते.

बॅकअपकडेही एकदा पाहावे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या मोफत 15 जीबीमध्ये मोजला जातो, आणि Chats मधील Chat backup येथे Include videos चालू असेल तर फोन भरणारे तेच व्हिडिओ ते खातेही भरतात. व्हिडिओ वगळले तरी पावत्यांचे फोटो बॅकअपमध्ये जातात, म्हणून त्या व्यापाऱ्यांच्या फोनवर Include videos बंद करून ठेवले.

ज्यांना आपल्या फोनवर फरक पडला का हे तपासायचे असेल त्यांनी Manage storage मधील वरचा आकडा लिहून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. तो पुन्हा झपाट्याने वाढला असेल तर आधी वाय-फायची ओळ उघडावी. ॲप काढून पुन्हा बसवले असेल किंवा फोन बदलला असेल, तर खुणा मुळासारख्या झालेल्या असू शकतात.