स्पॅनिशमधलं ‘ते डोकं’ आणि एक व्हायरल पोस्ट

“स्पॅनिशमध्ये अवयवांच्या आधी माझा-तुझा कधीच लावत नाहीत, ‘ला काबेसा’ म्हणजे नुसतं ‘ते डोकं’. कारण स्पॅनिश माणूस शरीराला स्वतःचं मानतच नाही, शरीर वेगळं आणि मी वेगळा. आपल्या मराठीत असलं काहीच नाही त्यामुळे नियम पाठ करणे हाच उपाय. आणि डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर अवयवांची यादी पाठ असली की काम झालं.”

ही पोस्ट स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुप्सवर सगळीकडे फिरतेय. मी स्पॅनिश शिकवते आणि यातलं प्रत्येक वाक्य नव्याने शिकणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावतं म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

मुद्दा 1, मालक कुठे गेला?

कुठेच गेला नाही, वाक्यातच बसलाय, फक्त डोक्याच्या शेजारी नाही. ‘मे दुएले ला काबेसा’, माझं डोकं दुखतंय, हे वाक्य घ्या. यातलं ‘मे’ म्हणजे मला. आता माझ्याऐवजी तुझं डोकं दुखतंय असं म्हणायचं तर ‘ते दुएले ला काबेसा’, त्याचं किंवा तिचं असेल तर ‘ले दुएले ला काबेसा’. बघा, ‘ला काबेसा’ तिन्ही वाक्यांत जसंच्या तसं राहिलं, बदललं ते फक्त पहिलं छोटं अक्षर, म्हणजे डोकं कुणाचं ही माहिती त्या मे-ते-ले मध्येच भरलेली आहे. ती तिथे एकदा सांगून झाली की पुन्हा ‘माझं’ म्हणायची गरज उरत नाही, आणि स्पॅनिशमध्ये नामाला बहुतेक वेळा पुढे काहीतरी लागतंच म्हणून तिथे ‘ला’ हे आर्टिकल येतं, इंग्लिशमधल्या ‘द’सारखं. हे ‘ला’ लॅटिनमधल्या ‘ते, ती’ अर्थाच्या शब्दातून आलंय हे खरंय, पण आजच्या भाषेत ते बोट दाखवत नाही, त्याचा अर्थ एवढाच की कुठलं डोकं हे ऐकणाऱ्याला कळलेलं आहे.

‘मे’ किती महत्त्वाचं आहे ते हात धुण्यावरून नीट कळतं. ‘मे लाबो लास मानोस’ म्हणजे मी हात धुते (लिहिताना ‘व’चं अक्षर असतं, पण उच्चार ‘ब’ होतो). ‘ले लाबो लास मानोस आल निन्यो’ म्हणजे मी बाळाचे हात धुते. आणि मे-ले काहीच न लावता नुसतं ‘लाबो लास मानोस’ म्हटलंत तर समोरचा थांबतो आणि विचारतो, कुणाचे हात? तेव्हा आर्टिकल एकटं मालकी सांगत नाही, ती सांगायला सोबत कुणीतरी लागतं. पोस्ट वाचून लोक नेमकं हेच विसरतात, ‘माझा’ काढून टाकतात आणि ‘मे’ लावतच नाहीत, मग वाक्य खरोखरच बिनमालकाचं होतं.

एक अपवाद मात्र लगेच सांगते. हात वर करणं, डोळे उघडणं, बोटं हलवणं, म्हणजे अवयव स्वतःच जी हालचाल करतो ती, तिथे ‘मे’ सुद्धा लागत नाही. ‘लेबांतो ला मानो’, मी हात वर करते, संपलं. कारण दुसऱ्याचा हात आतून कुणी वर करू शकत नाही, कर्ता कोण ते कळलं की मालक कळलाच. धुणं, कापणं, मोडणं या गोष्टी दुसऱ्याच्या अवयवाबाबतही करता येतात म्हणून तिथे सांगावं लागतं.

मुद्दा 2, ‘कधीच’ हा शब्द

हा तर सरळ चूक आहे. ‘तुस ओखोस सोन बोनितोस’, तुझे डोळे सुंदर आहेत, हे रोज बोललं जाणारं स्पॅनिश आहे आणि यात ‘तुझे’ आहेच. का आहे? कारण या वाक्यात मे-ते-ले नाही, डोळे स्वतःच कर्ता आहेत, मग मालक सांगायला दुसरी जागाच उरली नाही. हीच खरी कसोटी आहे आणि ती एवढीच आहे: वाक्यात मालक दुसरीकडे कुठे आलाय का ते बघा, आला असेल तर आर्टिकल, नसेल तर माझा-तुझा.

दोन्ही प्रकार शक्य असतील तिथे अर्थाची छटा बदलते. ‘सुस मानोस तेंब्लाबान’ म्हणजे त्याचे हात थरथरत होते, यात नजर हातांवर आहे, लांबून बघितल्यासारखी. ‘ले तेंब्लाबान लास मानोस’ यात तेच हात थरथरतायत, पण आता ते ज्याला होतंय तो माणूस वाक्यात पुढे येतो. बोलताना बहुतेक वेळा हे दुसरं येतं, कारण दुखणंखुपणं आपण माणसाबद्दल सांगत असतो, सुट्या हातांबद्दल नाही.

शिवाय मेक्सिकोत आणि अँडीज पर्वताकडच्या देशांत लोक ‘मे दुएले मि काबेसा’ असंही म्हणतात, म्हणजे मला आणि माझं दोन्ही. परीक्षेत हे लिहू नका, पण तिकडच्या कुणाच्या तोंडून ऐकलंत तर त्यांना स्पॅनिश येत नाही असं समजू नका, ती त्यांची बोली आहे.

मुद्दा 3, शरीराला स्वतःचं न मानणं

याचा मला खरंच राग येतो, कारण यात एका व्याकरणाच्या सवयीवरून कोट्यवधी लोकांच्या मनाबद्दल निकाल दिलाय. हीच रचना स्पॅनिशमध्ये कपड्यांना चालते, ‘मे किते लोस सापातोस’, मी बूट काढले, आणि पाकिटालाही चालते, ‘मे रोबारोन ला कार्तेरा’, माझं पाकीट मारलं. आता पाकीट चोरीला गेलं म्हणून तक्रार करायला गेलेला माणूस पाकिटाला स्वतःचं मानत नाही असं म्हणायचं का? उलट इथे ‘मे’ सांगतंय की घडलं ते माझ्या बाबतीत घडलं, झळ मला बसली. म्हणजे माणूस या वाक्यात कमी नाही, जास्तच आहे.

आणि हे एकट्या स्पॅनिशचं नाही. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि जर्मनमध्येही अवयवांच्या आधी आर्टिकल येतं, तपशील वेगळे आहेत एवढंच. इंग्लिशमध्ये माय-युअरचा भडिमार असतो तरी ‘ही हिट मी ऑन द हेड’ म्हणतात, तिथे ‘मी’ आला की पुढे ‘माय हेड’ नाही, ‘द हेड’च. तत्त्वज्ञानाचा काही संबंध नाही, मालक एकदा सांगितला की दुसऱ्यांदा सांगायचा नाही इतकी साधी काटकसर आहे.

मुद्दा 4, मराठीत असलं काही नाही?

मराठीत आर्टिकल नाही, एवढं मान्य. पण बाकी? आपण ‘मी हात धुतले’ म्हणतो, ‘तोंड उघड’, ‘डोळे मिट’, ‘केस कापून आलो’ म्हणतो. यात माझे-तुझे कुठेय? ‘मी माझे हात धुतले’ हे इंग्लिशवरून उचललेलं वाटतं. आणि ‘मला गुडघ्याला लागलं’, ‘मला चक्कर येतेय’, ‘मला ताप आलाय’, या सगळ्यांत त्रास होणारा माणूस ‘मला’ने येतो, अगदी स्पॅनिशच्या ‘मे’सारखा. एवढंच नाही, आपण ‘डोकं दुखतंय’ पण ‘पाय दुखतायत’ म्हणतो, क्रियापद अवयवाप्रमाणे चालतं, स्पॅनिशमध्येही एक डोकं ‘दुएले’ आणि दोन पाय ‘दुएलेन’. इंग्लिशमधून आलेल्या विद्यार्थ्याला हे पचायला वेळ लागतो, आपल्याला ते आयतं मिळालंय.

मराठी माणूस अडकतो ते एकाच ठिकाणी, दुखण्यापाशी. कारण तिथे आपण ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणतो आणि तेच उचलून ‘मि काबेसा दुएले’ करतो. त्यामुळे मी वर्गात सांगते की या वाक्यापुरतं आधी ‘मला दुखतंय’ असं मनात म्हणा, मग काय दुखतंय ते जोडा. ‘मे दुएले’ झालं, आता ‘ला काबेसा’. पाठांतर करावं लागतं ते नामाचं लिंग, कारण हात म्हणजे ‘ला मानो’ हा शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी आहे आणि पाय म्हणजे ‘एल पिए’ पुल्लिंगी.

मुद्दा 5, डॉक्टरकडे यादी पुरते का?

नाही पुरत. समजा जिन्यावरून पडून घोटा मुरगळलाय. नुसतं ‘तोबीयो, तोबीयो’ म्हणून बोट दाखवलंत तर जागा कळेल, बाकी काही नाही. पूर्ण सांगायचं तर असं: ‘मे काई एन ला एस्कालेरा इ मे तोर्सी एल तोबीयो. लो तेंगो इंचादो. मे दुएले क्वांदो आपोयो एल पिए.’ मी जिन्यात पडले आणि घोटा मुरगळला, तो सुजलाय, पाय टेकला की दुखतं. यात घोटा आला, पाय आला, पण ‘माझा’ एकदाही नाही आणि तरी शंका कुठेच नाही, कारण पहिल्या वाक्यात ‘मे’ आहे, दुसऱ्यात ‘तेंगो’ म्हणजे माझ्याकडे आहे, आणि शेवटी पाय टेकणारी मीच. डॉक्टर मग म्हणतील ‘मुएबा लोस देदोस’, बोटं हलवा, इथेही तुमची म्हणायची गरज त्यांना पडत नाही. ‘देदो’ हाताचं आणि पायाचं दोन्हीचं बोट, आपल्यासारखंच. कान मात्र दोन आहेत, बाहेरून दिसतो तो ‘ओरेखा’ आणि आतला, ज्याने ऐकतो तो ‘ओइदो’, कानात ठणका असेल तर ‘मे दुएले एल ओइदो’ म्हणा.

यादीपेक्षा जास्त घात होतो तो इंग्लिशसारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. स्पेनमध्ये ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठ झालेला माणूस ‘एस्त्रेन्यिदो’. आणि ‘इंतोक्सिकादो’ म्हणजे खाण्यातून वगैरे विषबाधा झालेला, दारू-ड्रग्जची नशा असा त्याचा अर्थ नाही. 1980 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका 18 वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं, सोबतच्यांना वाटत होतं की खाल्लेलं बाधलंय आणि बोलताना ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द आला, तो इंग्लिशसारखा ऐकला गेला आणि उपचार ड्रग्जच्या ओव्हरडोसचे सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. तो मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला. म्हणून विद्यार्थ्यांना मी आजाराचं नाव सांगायला शिकवत नाही, ले दुएले ला काबेसा, तिएने फिएब्रे, एस्ता मारेआदो, म्हणजे डोकं दुखतंय, ताप आहे, गरगरतंय, कधीपासून, हे सांगायला शिकवते, निदान डॉक्टरांना करू दे.