प्रपोजल फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याची कला

आयुर्विमा काढण्याचे आपण ठरवले आहे, तेव्हा लवकरच एक प्रपोजल फॉर्म आपल्यासमोर येईल आणि तो स्वतः वाचून पाहण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरावा. फॉर्म भरणे हे एजंटाचे काम असून आपल्याकडे फक्त सह्या असतात. अनुभवी एजंट आरोग्याच्या प्रश्नांपाशी पोचला की प्रश्न वाचत नाही; वरपासून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ असे एका दमात लिहीत जातो. मध्येच आपली जीभ वळवळली आणि बीपीच्या गोळीचा विषय निघाला, तर तो हसून म्हणेल, “साहेब, आजकाल बीपी कोणाला नाही? लिहिलंत तर उगाच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल.” येथे आपण समजूतदारपणे मान हलवावी आणि ‘वरील सर्व माहिती सत्य व संपूर्ण आहे’ या वाक्याखाली झोकदार सही करावी.

या सहीचे महत्त्व कमी लेखू नका. आपण भाजी घेतो तेव्हा भाजीवाल्याने सडकी वांगी खाली दडवली असतील, तर ती पाहून घेण्याची जबाबदारी आपली असते. विम्याचा करार निराळा आहे, कारण येथे विकत घेणाऱ्याच्या पोटात काय दडले आहे हे विकणाऱ्याला दिसत नाही. म्हणून कायदा या कराराला परम सद्भावाचा करार मानतो: जोखमीवर परिणाम करणारी आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आपण होऊन सांगायची. हे तत्त्व 1766 साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशाने मांडले. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला परकीय शत्रूच्या हाती जाण्याविरुद्ध विमा उतरवला होता, आणि पुढे फ्रेंचांनी तो घेतलाही. किल्ला कमकुवत आहे हे गव्हर्नराने लपवले, अशी विमेकऱ्याची तक्रार होती. गंमत अशी की ज्या खटल्याचा दाखला देऊन आज विमेदारांचे दावे नाकारले जातात, त्यात जिंकला होता विमेदारच. जी गोष्ट तुम्हाला कळणे सहज शक्य होते आणि जी तुम्ही विचारलीच नाही, तिच्याबद्दल नंतर कुरकुर करू नका, असे न्यायाधीशांनी विमेकऱ्याला बजावले होते. हा अर्धा भाग आपल्या उपयोगाचा नाही, कारण आपल्याला तर प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे आणि आपण त्यापुढे स्पष्ट ‘नाही’ लिहिले आहे.

समजा, आपण सांगलीचे 43 वर्षांचे गृहस्थ आहात, चार वर्षांपासून रोज सकाळी बीपीची एक गोळी घेता आणि 50 लाखांची टर्म पॉलिसी काढत आहात. वर्षाचा हप्ता 16 हजार. बीपी लिहिले असते तर कंपनीने कदाचित तपासण्या करून चौथा हिस्सा लोडिंग लावले असते आणि हप्ता 20 हजार झाला असता. म्हणजे एका ‘नाही’ने आपण वर्षाला 4 हजार वाचवले. मेडिकल झालीच, तरी घाबरू नका. सकाळची गोळी घेऊन गेलात की यंत्रावर आकडा उत्तम येतो. मात्र कंपनीच्या डॉक्टरने तपासले म्हणून सांगण्याचे कर्तव्य संपले, असे कोणी म्हणाले तर त्याच्यावर विसंबू नका. डॉक्टरने त्या दिवसाचा दाब मोजलेला असतो, प्रश्न मागच्या चार वर्षांच्या गोळीचा असतो.

आता पुढची पायरी अवघड आहे. विमा अधिनियम 1938 च्या कलम 45 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने, अगदी फसवणुकीच्या कारणानेही, तिच्यावर बोट ठेवता येत नाही. म्हणजे आपल्याला करायचे आहे ते इतकेच की तीन वर्षे मरायचे नाही. बीपीच्या रुग्णाने हृदयाला तशी स्पष्ट सूचना देऊन ठेवावी. या मुदतीत हप्ता चुकवून पॉलिसी बंद पाडू नये, हेही लक्षात ठेवावे. कारण ती पुन्हा चालू करताना ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ असे आणखी एक घोषणापत्र भरावे लागते आणि तीन वर्षांचे घड्याळ त्या पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने सुरू होते. दहा वर्षे जुनी पॉलिसी अशी एका विसरलेल्या हप्त्यामुळे पुन्हा तान्ही होते.

तरीही समजा, हृदयाने सूचना पाळली नाही आणि आपण विसाव्या महिन्यात गेलात. तीन वर्षांच्या आतला दावा आला की कंपनी चौकशीला माणूस पाठवते. तो आपल्या घरी येऊन फार वेळ बसणार नाही, चहाही कदाचित घेणार नाही. तो जाईल त्या रुग्णालयात, जिथे आपल्याला शेवटी नेले होते, आणि केस पेपर मागेल. त्या रात्री अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारले होते, “यांना आधी काही त्रास?” आणि आपल्या मेहुण्याने घाबऱ्या घाबऱ्या खरे ते सांगितले होते: चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. ते कागदावर उतरले. एजंटाने तासभर खपून जमवलेला ‘नाही’ मेहुण्याने एका वाक्यात बुडवला. कुटुंबातील सर्वांना आपण विश्वासात घेतले नव्हते, ही आपली चूक. याशिवाय औषधाच्या दुकानाची बिले, कार्यालयात दिलेले आजारपणाचे दाखले आणि कंपनीतल्या मेडिक्लेमच्या जुन्या नोंदी आहेतच.

यानंतर कंपनी दावा नाकारल्याचे पत्र लेखी कारणांसह पाठवते, आणि ते दोन प्रकारचे असू शकते. साध्या पत्रात म्हटलेले असते की महत्त्वाची माहिती दडवली गेली, फसवणुकीचा आरोप नाही. तेव्हा भरलेले हप्ते 90 दिवसांच्या आत परत करावे लागतात. म्हणजे आपण दोन वर्षांत वाचवलेल्या 8 हजारांवर 32 हजारांचा परतावा, असा एकूण 40 हजारांचा लाभ 50 लाखांच्या बदल्यात होतो. अशा पत्रात एक फट मात्र असते. ही माहिती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याचा भार कायद्याने कंपनीवर टाकला आहे, आणि बीपी असलेल्याला लोडिंग लावून पॉलिसी मिळते हे कंपनीच्या स्वतःच्या कागदांवरूनच दिसू शकते. आपल्या पत्नीचा वकील या फटीत बोट घालून बसेल, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. म्हणून कंपनीला पत्राचा दुसरा प्रकार अधिक आवडण्याची शक्यता असते: जाणूनबुजून केलेली फसवणूक. त्यात हप्ते परत करण्याचे बंधन राहत नाही, आणि विमेदार हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करण्याचे ओझे वारसांवर येते. ज्या बाईंनी तो फॉर्म कधी पाहिलाच नाही, त्यांनी आता आपल्या मनात काय होते ते सिद्ध करायचे. आपण हे त्यांना समजावून सांगायला हवे होते, पण तेव्हा मॅच चालू असावी.

‘फॉर्म एजंटाने भरला, माझी फक्त सही आहे’ हा बचाव वारसांसाठी राखून ठेवा, असा सल्ला काही जाणकार देतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या एका निकालात त्याची परीक्षा घेतली. त्या प्रकरणात विमेदाराने दोन महिन्यांपूर्वी काढलेली 11 लाखांची दुसरी पॉलिसी सांगितली नव्हती. आजाराचा तर प्रश्नच नव्हता. न्यायालयाने सांगितले की सही केलेल्या मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्याची असते, आणि आधीच्या पॉलिसीची माहिती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असते. दावा गेला. अर्थात आपल्या बाजूचे निकालही आहेत. मणक्याचे दुखणे लपवलेल्या एका विमेदाराचा मृत्यू हृदयविकाराने झाला, तेव्हा न्यायालयाने 2015 साली वारसाच्या बाजूने कौल दिला, कारण ते दुखणे जिवावरचे नव्हते आणि मृत्यूशी त्याचा संबंधही नव्हता. तेव्हा लपवायचेच असेल तर कंबर लपवावी. आणि मरताना त्या आजाराचा कशाशीही संबंध येणार नाही, याची काळजी घ्यावी. बीपीच्या बाबतीत हे जरा अवघड आहे.

सर्वांत धोकादायक आहे ते खरे लिहिणे. कारण आपण आजार लिहिला की तो कंपनीच्या गळ्यात पडतो. एका गृहस्थांनी 1998 साली अमेरिकेच्या प्रवासासाठी विमा काढताना आपला मधुमेह सांगितला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने आधीच्या आजाराचे कारण देऊन दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2021 च्या डिसेंबरमध्ये संपले, आणि न्यायालय म्हणाले, सांगितलेली प्रकृती तपासून एकदा पॉलिसी दिली, की त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून मागे फिरता येत नाही. म्हणजे लिहिलेल्या सत्याचा उपयोग विमेदाराला होतो. तेवीस वर्षे लागली हे खरे, पण न लिहिणाऱ्यांना तेवढ्याच काळात बहुधा तोही निकाल मिळत नाही.

आपल्या वारसांना लोकपालांकडेही जाता येईल. विमा लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारींना तेथे शुल्क नाही, आणि कंपनीने दावा नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पण तिथेही समोर तोच फॉर्म ठेवला जाईल.

राहता राहिला तो टपालाने येणारा जाडजूड लिफाफा. त्यात पॉलिसीबरोबर आपल्याच प्रपोजल फॉर्मची प्रत असते. ती वाचून चूक आढळली तर तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते, किंवा ‘माझी ही माहिती चुकली, दुरुस्त करावी’ असे कंपनीला लेखी कळवता येते. मग कंपनी हप्ता वाढवेल, नकार देईल किंवा गप्प राहील, पण गुपित उरणार नाही. म्हणून लिफाफा उघडू नका. कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली नीट ठेवून द्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पत्नी तो प्रथमच उघडतील, पाने उलटतील, रक्तदाबाच्या प्रश्नासमोर एजंटाच्या अक्षरातला ‘नाही’ वाचतील, आणि त्याखालची आपली सही ओळखतील.